ठेकेदार बदला, वॉरंटी सोडू नका

गच्चीवर सोलर बसवून तीन-चार वर्षं झालेल्या अनेक सोसायट्या आणि बंगलेमालक सध्या एकाच प्रश्नावर अडले आहेत. बिघाड दिसतो, तक्रार नोंदवली जाते, माणूस येऊन जातो आणि बिघाड तसाच राहतो. वॉरंटीचा विषय काढला की बसवणारी एजन्सी पॅनेलच्या कंपनीकडे बोट दाखवते, कंपनी ‘तुमच्या व्हेंडरमार्फत या’ म्हणते, आणि व्हेंडर पुढच्या तिमाहीचं देखभालीचं बिल पाठवतो. वैतागून एखाद्या मीटिंगमध्ये ठराव होतो की ‘यांना काढा’. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वॉरंटीची कागदपत्रं, पॅनेलचे सिरियल नंबर, इन्व्हर्टरचे पासवर्ड आणि वीजनिर्मितीची सगळी नोंद त्या काढलेल्या व्हेंडरकडेच असते.

देखभालीचा करार संपवणं अवघड नाही. तो संपवताना वॉरंटीचे हक्क शाबूत ठेवायचे असतील तर मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी पुरावा, मग मुदतीची नोटीस, मग करार संपवणं आणि त्यानंतर वसुली. या क्रमातली एखादी पायरी पुढे-मागे झाली की व्हेंडरला हात झटकायला जागा मिळते. मी राहतो त्या पुण्यातल्या सोसायटीत हे सगळं घडलं. त्यातला तपशील इतरांच्या उपयोगी पडेल, म्हणून इथे सविस्तर मांडतो आहे.

एका गच्चीवरचे चार करार

आमच्या गच्चीवर ३० किलोवॉटची यंत्रणा आहे. ३३५ वॉटची ९० पॅनेल, १० किलोवॉटचे तीन इन्व्हर्टर आणि प्रत्येक इन्व्हर्टरला १५-१५ पॅनेलच्या दोन माळा. या माळांना तंत्रज्ञ ‘स्ट्रिंग’ म्हणतात. मार्च २०२१ मध्ये यंत्रणा सुरू झाली. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचं बिल त्यावर वळतं होतं.

आमच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी होती की व्हेंडरशी आपला एकच व्यवहार आहे. फाइल उघडून वाचली तेव्हा तिच्यात चार वेगवेगळी वचनं निघाली. पॅनेलच्या उत्पादकाचं वचन दोन भागांत होतं : पॅनेलमध्ये दोष निघाल्यास दहा वर्षं, आणि निर्मितीची क्षमता ठरलेल्या पातळीखाली जाणार नाही याची पंचवीस वर्षं. इन्व्हर्टरच्या उत्पादकाची हमी वेगळी होती. तिसरी हमी बसवणाऱ्याच्या कामाची. वायरिंग, जोडण्या, सांगाडा आणि अर्थिंग नीट केल्याची ही हमी पाच वर्षांची होती. आणि चौथा होता वार्षिक देखभालीचा करार, ज्याला सगळे ‘एएमसी’ म्हणतात. तो एप्रिल २०२३ पासून तीन वर्षांचा होता. वर्षाला ३६,००० रुपये, तेही दर तिमाहीला ९,००० आगाऊ.

या चारपैकी आपल्याला संपवायचा असतो तो फक्त चौथा. तो संपला म्हणून पहिले तीन संपत नाहीत. बसवणाऱ्याने वायर चुकीची ओढली असेल तर एएमसी रद्द झाल्यावरही ती चूक त्याचीच राहते. मात्र करारात काही वेळा एखादं वाक्य दडलेलं असतं, ‘देखभाल आमच्याकडे असेपर्यंतच कामाची हमी लागू राहील’ अशा अर्थाचं. आमच्या करारात ते नव्हतं. तुमच्या करारात असेल तर बसवण्यातल्या दोषांचा दावा एएमसी चालू असतानाच लेखी नोंदवून ठेवायला हवा.

दोन प्रकारच्या ग्राहकांना हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत अनुदान घेऊन ज्यांनी घरावर सोलर बसवलं आहे, त्यांच्या नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे आणि तिचा वेगळा आकार द्यावा लागत नाही. हा करार रागाच्या भरात तोडणं म्हणजे फुकट मिळणारी सेवा आपणहून सोडून देणं. तिथे योजनेच्या पोर्टलवर आणि महावितरणकडे तक्रार करून विक्रेत्याला कामाला लावणंच शहाणपणाचं. दुसरा प्रकार म्हणजे पॅनेल गुंतवणूकदार कंपनीच्या मालकीची आहेत आणि आपण फक्त युनिटचे पैसे देतो. त्या गच्चीवर देखभाल मालकाने स्वतःच्या मालाची करायची असते, आणि करार मोडण्याचे नियमही वेगळे असतात.

पावसाळ्यात उशिरा उठणारा इन्व्हर्टर

आमचा बिघाड जून २०२३ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला. रात्री पाऊस झाला की तीन नंबरचा इन्व्हर्टर सकाळी सुरूच व्हायचा नाही. पडद्यावर लाल दिवा आणि `Isolation Fault` असा संदेश दिसायचा. दहा-अकरा वाजता ऊन पडून गच्ची वाळली की तो आपोआप चालू व्हायचा. व्हेंडरचा माणूस यायचा तो दुपारी. तोवर सगळं सुरळीत असायचं. तो इन्व्हर्टर बंद करून पुन्हा चालू करायचा, भेटीच्या कागदावर ‘सिस्टीम ओके’ लिहायचा आणि वॉचमनची सही घेऊन जायचा. आमची तक्रार त्यांच्या दप्तरी अशी प्रत्येक वेळी ‘निकाली’ निघत होती.

हा संदेश नेमकं काय सांगतो, हे कळल्यावर चित्र पालटलं. रोज सकाळी ग्रिडला जोडून घेण्याआधी इन्व्हर्टर एक तपासणी करतो. पॅनेलकडून येणाऱ्या तारा आणि जमीन यांच्यामध्ये पुरेसा विद्युतरोध आहे का, हे तो बघतो. कुठे तारेचं आवरण सोललेलं असेल, जोडणीत पाणी शिरलं असेल किंवा पॅनेलच्या पाठीमागचा थर तडकला असेल, तर ओल असताना तिथून वीज लोखंडी सांगाड्यात झिरपते आणि रोध घसरतो. अशा वेळी इन्व्हर्टर स्वतःहून चालू व्हायचं नाकारतो. म्हणजे आमचा इन्व्हर्टर बिघडलेला नव्हता, तो त्याचं काम चोख करत होता. बिघाड पॅनेलच्या बाजूला होता.

हा दोष नुसत्या युनिटच्या नुकसानीचा नाही, सुरक्षेचाही आहे. एका जागी आवरण फाटलेलं असताना दुसऱ्या जागी तसंच झालं, तर सांगाड्यातूनच विजेला वाट मिळते आणि आग लागू शकते. म्हणून कोणी तंत्रज्ञ सेटिंगमध्ये जाऊन रोधाची मर्यादाच खाली आणतो आणि ‘झालं काम’ म्हणतो, तेव्हा त्याला तिथेच थांबवा. त्याने लाल दिवा घालवला, दोष तसाच ठेवला. अशी सेटिंग बदलली असेल तर तेही तुमच्या तक्रारीत यायला हवं.

आपलीच गच्ची, आपलाच पुरावा

‘निर्मिती कमी झाली’ एवढ्या तक्रारीवर व्हेंडरकडे तीन उत्तरं तयार असतात : ढग होते, धूळ होती, सावली पडते. ही उत्तरं खोडायला प्रयोगशाळा लागत नाही. एकाच गच्चीवर, एकाच दिशेला तोंड करून, सारख्याच क्षमतेचे दोन-तीन इन्व्हर्टर असतील तर तेच एकमेकांचे साक्षीदार होतात.

जुलै २०२४ मध्ये आमच्या पहिल्या इन्व्हर्टरने ८१५ युनिट दिले, दुसऱ्याने ८२९ आणि तिसऱ्याने ५४८. पहिल्या दोघांची सरासरी ८२२. म्हणजे तिसऱ्याने त्या महिन्यात २७४ युनिट कमी दिले. ढग तर तिघांवर सारखेच होते. मग आम्ही त्याच वर्षीचा एप्रिल काढून पाहिला. त्या कोरड्या महिन्यात तिघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. धुळीचं कारण खरं असतं तर ती उन्हाळ्यात जास्त असते, म्हणजे फरक एप्रिलमध्ये दिसायला हवा होता. सावलीचं कारणही याच दोन महिन्यांच्या तुलनेत टिकलं नाही, कारण सकाळचा उशीर फक्त पावसानंतरच्या दिवशी होत होता. २०२३ आणि २०२४ या दोन पावसाळ्यांत मिळून सुमारे १,८५० युनिट गेले. आमच्या बिलाप्रमाणे वाचणाऱ्या युनिटची किंमत १२ रुपये धरली, तर २२,२०० रुपये.

ज्यांच्याकडे एकच इन्व्हर्टर आहे त्यांनी आपल्याच मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. महाराष्ट्रात एक किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट हा ढोबळ आडाखा उपयोगी आहे. पण तो वर्षाचा आहे, जुलै महिन्याला लावायचा नाही.

इथे एक धोका आम्हाला वेळेत कळला. निर्मितीची ही सगळी नोंद मोबाइल ॲपवर होती, आणि ॲपचं मुख्य खातं व्हेंडरच्या नावावर होतं. आमच्याकडे फक्त बघण्याची परवानगी होती, तीही त्याच्या मर्जीवर. म्हणून नोटिशीचा विषय निघण्याआधीच आम्ही यंत्रणा सुरू झाल्यापासूनची महिनावार आणि दिवसवार निर्मिती उतरवून घेतली. त्रुटींच्या नोंदीचं पानही घेतलं. त्यात प्रत्येक बिघाडाची तारीख आणि वेळ असते. ‘सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी सुरू, साडेदहाला बंद’ अशा ओळींची रांगच त्या पानावर होती. याशिवाय इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे `E-Today` आणि `E-Total` हे आकडे कोणाच्याही खात्यावर अवलंबून नसतात. रोज संध्याकाळी त्यांचा फोटो काढायचं काम एका सभासदाने अंगावर घेतलं. महावितरणचं बिल आणि निर्मितीच्या मीटरचं वाचन हा तिसरा स्वतंत्र आधार.

दोष कोणाचा, हे आधी ठरवा

दावा कोणावर करायचा हे दोष कुठे आहे यावर ठरतं. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा लागतो, पण त्यात एक खाच आहे. करार चालू असताना दुसऱ्या माणसाने यंत्रणा उघडली, तर ‘तुम्ही छेडछाड केली, आता हमी संपली’ असं म्हणायची संधी व्हेंडरला मिळते. आम्ही त्यावर साधा उपाय केला. व्हेंडरला आठ दिवस आधी ईमेल केला की अमुक तारखेला सकाळी साडेसहा वाजता परवानाधारक इलेक्ट्रिशियन तपासणी करणार आहे, फक्त मोजमाप होईल, दुरुस्ती होणार नाही, आपला प्रतिनिधी हजर ठेवावा. पाऊस नसेल तर तपासणी पुढे जाईल, हेही लिहिलं. त्यांच्याकडून कोणी आलं नाही. पण बोलावलं होतं, याचा कागद आमच्याकडे राहिला.

सकाळची वेळ मुद्दाम ठेवली होती. दोष ओल असतानाच सापडतो, दुपारी मोजलं तर सगळं ठीकच दिसणार. इलेक्ट्रिशियनने इन्व्हर्टर बंद करून दोन्ही स्ट्रिंग वेगळ्या केल्या आणि एकेक तपासली. पहिलीत काही नव्हतं. दुसऱ्या स्ट्रिंगच्या दोन टोकांमध्ये सुमारे ६१५ व्होल्ट मिळाले, म्हणजे १५ पॅनेलमध्ये प्रत्येकी ४१. मग त्याने धन टोक आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजला, तो २०५ निघाला. ऋण टोक आणि अर्थिंग यांच्यात ४१०. २०५ ला ४१ ने भागलं की पाच येतात. याचा अर्थ, धन टोकापासून पाच पॅनेल सोडून वीज जमिनीत झिरपते आहे. त्याने पाचव्या आणि सहाव्या पॅनेलच्या मधली जागा गाठली. तिथे तार सांगाड्याच्या पत्र्याच्या कडेवर तशीच टेकवलेली होती. वाऱ्याने घासून आवरण कापलं गेलं होतं आणि आत तांबं दिसत होतं. तारेला बांधणी नव्हती, पत्र्याच्या कडेला रबरी पट्टीही नव्हती.

हे मोजमाप घरच्या माणसाने करायचं नाही. पॅनेलच्या बाजूचा सहाशे व्होल्टचा एकदिश दाब जीव घेऊ शकतो, आणि चालू स्थितीत जोडणी ओढली तर ठिणगीचा लोळ उठतो. महावितरणच्या सीलबंद मीटरला तर कोणीच हात लावायचा नाही.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. त्या स्ट्रिंगमधल्या दोन पॅनेलच्या मागच्या पांढऱ्या थराला बारीक उभ्या भेगा गेल्या होत्या. आता दोन दावे स्पष्ट झाले. घासलेली तार हा बसवण्यातला दोष, म्हणजे व्हेंडरच्या कामाच्या हमीत येणारा. तडकलेला थर हा मालातला दोष, म्हणजे उत्पादकाच्या दहा वर्षांच्या हमीतला. दोन्हीचे फोटो घेताना तारीख, पॅनेलचा सिरियल नंबर आणि आजूबाजूचा भाग एकाच चौकटीत दिसेल याची काळजी घेतली.

पंचवीस वर्षांच्या क्षमतेच्या हमीवर आम्ही दावा केला नाही, आणि त्याचं कारण सांगायला हवं. त्या हमीत क्षमता प्रमाणित प्रकाशात आणि तापमानात मोजायची असते. गच्चीवरची निर्मिती घटली एवढ्याने ती सिद्ध होत नाही. पॅनेल प्रयोगशाळेत पाठवावं लागतं आणि खर्च बहुधा ग्राहकावर येतो. दिसणारा, फोटोत येणारा दोष असेल तर तोच धरून चालणं सोपं.

मुदत देणारी नोटीस

भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे समोरच्याने करार पाळायचं पूर्णपणे नाकारलं तर आपल्याला करार संपवता येतो. पण चालढकल करणारा व्हेंडर कधीच ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘बघतो’, ‘पाठवतो’, ‘कंपनीला कळवलंय’ म्हणत राहतो. त्याच्या या टोलवाटोलवीला शेवट द्यायचा तर ठरावीक काम आणि ठरावीक तारीख लिहून द्यावी लागते. ती तारीख उलटली की मग ‘आम्ही प्रयत्न करत होतो’ या बचावाला फारसं वजन राहत नाही. आमच्या करारात कलमच होतं : चूक लेखी कळवावी, दुरुस्तीसाठी १५ दिवस द्यावेत, आणि तरीही झालं नाही तर ३० दिवसांच्या नोटिशीने करार संपवता येईल.

नोटीस काढण्याआधी आम्ही दोन गोष्टी केल्या. कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून सचिवांना पत्रव्यवहाराचे अधिकार दिले. म्हणजे उद्या ‘हे पत्र सोसायटीचं नाही’ असं कोणी म्हणू नये. आणि ऑक्टोबरच्या तिमाहीचे ९,००० रुपये वेळेवर भरले. सोबत ‘आमचे सर्व हक्क राखून’ असं लिहिलं. काही सभासदांना हे पटलं नव्हतं, काम करत नाही त्याला पैसे कशाला, असा त्यांचा रास्त सवाल होता. पण आपली थकबाकी असेल तर व्हेंडरला काम न करण्याचं तयार कारण मिळतं, आणि मूळ तक्रार बाजूला पडून बिलाचा वाद पुढे येतो.

नोटीस आम्ही एका पानाची ठेवली. तिचा मुख्य भाग असा होता :

‘इन्व्हर्टर क्रमांक ३ जून २०२३ पासून ओल असताना सुरू होत नाही. याबाबतच्या तक्रारींची तारीखवार यादी सोबत जोडली आहे. तपासणीत दुसऱ्या स्ट्रिंगमधील पाचव्या व सहाव्या पॅनेलमधील तारेचे आवरण कापलेले आढळले. हा दोष आपल्या कामाच्या हमीत येतो. तसेच जोडलेल्या यादीतील दोन पॅनेलच्या मागील थरास भेगा असून त्यांचा दावा उत्पादकाकडे दाखल करणे देखभाल कराराप्रमाणे आपले काम आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तार बदलून इन्सुलेशन तपासणीचा अहवाल द्यावा आणि उत्पादकाकडे दाखल केलेल्या दाव्याचा क्रमांक कळवावा. असे न झाल्यास देखभाल करार संपवण्यात येईल. यामुळे कामाच्या हमीवरील व उत्पादकांच्या हमीवरील सोसायटीचे हक्क बाधित होणार नाहीत.’

शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. ते नसेल तर आपण सगळाच व्यवहार मिटवला, असा अर्थ काढायला वाव राहतो. पत्र पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्हीकडून पाठवलं. व्हॉट्सॲपवर प्रत टाकली, पण भिस्त तिच्यावर ठेवली नाही.

पत्र ३० सप्टेंबरला पोहोचलं. १५ ऑक्टोबरपर्यंत दोन फोन आले, काम झालं नाही. १६ ऑक्टोबरला करार संपवण्याची नोटीस दिली, ती १५ नोव्हेंबरला लागू झाली. दुसऱ्या नोटिशीत नवं काही नव्हतं. पहिल्या पत्राचा संदर्भ, करारातलं कलम, संपण्याची तारीख आणि परत हव्या असलेल्या गोष्टींची यादी, एवढंच.

व्हेंडरचं उत्तर आलं ते करारातल्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवून : मुदतीआधी करार मोडल्यास उरलेल्या काळाचं शुल्क सोसायटीने भरावं. हे कलम पाहून अनेक सोसायट्या माघार घेतात. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणजे ती आपोआप मिळत नाही. करारभंगामुळे ज्याला त्रास झाला त्याला त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. इथे करार व्हेंडरने पाळला नव्हता आणि आम्ही तो करारातल्याच कलमाने संपवला होता. तसं लेखी उत्तर दिल्यावर ही मागणी पुन्हा आली नाही.

किल्ल्या ताब्यात घेणं

करार संपल्याच्या दिवशी नवा माणूस गच्चीवर जातो आणि त्याला काहीच उघडता येत नाही, ही वेळ अनेकांवर येते. म्हणून परत मागायच्या गोष्टींची यादी नेमकी हवी. खरेदीची मूळ बिलं, कारण उत्पादक वॉरंटीसाठी तीच मागतो. प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर आणि तो कोणत्या स्ट्रिंगमध्ये आहे याचा नकाशा. वॉरंटीची प्रमाणपत्रं. विद्युत जोडणीचा आराखडा आणि यंत्रणा सुरू करतानाचा तपासणी अहवाल. महावितरणशी झालेला नेट मीटरिंगचा करार. इन्व्हर्टरच्या सेटिंगचे पासवर्ड आणि ॲपच्या मुख्य खात्याची मालकी.

आम्हाला व्हेंडरकडून बिलं आणि आराखडा मिळाला, ॲपचं खातं मात्र मिळालं नाही. करार संपण्याआधीच आमचं बघण्याचं खातंही बंद झालं. तेव्हा इन्व्हर्टरच्या उत्पादकाला थेट लिहिलं. सोसायटीच्या नावाचं बिल, इन्व्हर्टरवरच्या पट्टीचा फोटो आणि ठरावाची प्रत पाठवली. त्यांनी खातं सोसायटीच्या ईमेलवर वळवून दिलं. हा ईमेल एखाद्या पदाधिकाऱ्याचा वैयक्तिक ठेवू नका, नाहीतर समिती बदलली की तीच अडचण पुन्हा येते.

पॅनेलचा दावाही आम्ही थेट उत्पादकाकडे दाखल केला. फोटो, सिरियल नंबर आणि बिल पाहून त्यांनी दोन पॅनेल बदलून देण्याचं मान्य केलं. पण पॅनेल उतरवण्याची, चढवण्याची आणि गच्चीपर्यंत आणण्याची मजुरी त्यांच्या हमीत नव्हती. पॅनेलच्या बहुतेक वॉरंटीत ती नसते. हा खर्च आधीच धरून ठेवलेला बरा.

वसुली किती आणि कुठवर

आमची मागणी तीन भागांची होती. आगाऊ भरलेल्या तिमाहीतले ९२ पैकी ४६ दिवस करार संपल्यानंतरचे होते, म्हणून ४,५०० रुपये परत. तार बदलून नव्या ठेकेदाराकडून केलेल्या दुरुस्तीचे ६,५०० रुपये. आणि बुडालेल्या युनिटचे २२,२००. एकूण ३३,२०० रुपये.

दुरुस्ती आम्ही लगेच करून घेतली, निकालाची वाट पाहिली नाही. करार कायद्याचं कलम ७३ भरपाई देताना हेही बघतं की नुकसान कमी करायचे मार्ग आपण वापरले का. दोष कळल्यावरही पुढचा पावसाळा तसाच काढला असता, तर त्या नुकसानीचा भार आपल्यावरच आला असता. कापलेल्या तारेचा तुकडा फोटोसह जपून ठेवला आहे.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. या टप्प्यावर व्हेंडरने ४,५०० आणि ६,५०० असे ११,००० रुपये दिले. बुडालेल्या युनिटचे पैसे मात्र नाकारले, करारात ‘अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी नाही’ असं कलम आहे म्हणून. हे कलम अशा बहुतेक करारांत असतं, आणि या मागणीतली सर्वांत कमकुवत बाजू हीच आहे, हे मान्य करावं लागेल.

त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, म्हणून गृहनिर्माण सोसायटी तक्रार करू शकते. तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, व्हेंडरचं ऑफिस जिथे आहे तिथे जावं लागत नाही. वकील सक्तीचा नाही. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही. उशिराचं पुरेसं कारण दाखवलं तर आयोग ती माफ करू शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. व्हेंडर ‘बघतो’ म्हणत वेळ मारून नेतो, तेव्हा ही मुदत आतल्या आत संपत असते. पुढे जायचं की नाही, हे आम्ही सर्वसाधारण सभेवर सोपवलं.

नव्या करारात काय लिहिलं

नवा देखभाल करार आम्ही एक वर्षाचाच केला आणि जुन्यात जे नडलं तेवढंच त्यात बदललं. तक्रारीनंतर दोन कामाच्या दिवसांत भेट, आणि बिघाड ज्या वेळी दिसतो त्याच वेळी ती भेट. पावसाळ्यातली तक्रार असेल तर सकाळी सातच्या आत. ‘सिस्टीम ओके’ असा शेरा चालणार नाही, भेटीच्या कागदावर प्रत्येक इन्व्हर्टरचा `E-Total` आणि शेवटच्या त्रुटीची नोंद लिहायची, आणि सही वॉचमनची नको, समितीच्या सदस्याची हवी. महिन्याची निर्मिती इन्व्हर्टरनिहाय द्यायची. एखादा इतरांपेक्षा दहा टक्क्यांनी मागे पडला तर कारण लेखी कळवायचं. वॉरंटीचा दावा सात दिवसांत दाखल करून त्याचा क्रमांक सोसायटीला द्यायचा. ॲपची मालकी सोसायटीकडे, ठेकेदाराला फक्त काम करण्यापुरती परवानगी. आणि पैसे तिमाही संपल्यावर, अहवाल मिळाल्यानंतर.

यातलं शेवटचं कलम सोडलं तर कोणत्याही अटीने ठेकेदाराचा खर्च फारसा वाढत नाही. ज्याला काम करायचं आहे तो त्या मान्य करतो. आमच्याकडे कोटेशन घेऊन आलेल्या ज्या ठेकेदाराने वॉरंटीच्या दाव्याची सात दिवसांची अट काढून टाकायला सांगितलं, त्याला आम्ही काम दिलं नाही.